फिप्रोनिलात कोंबड्या बुडवू नका, कीड खुराड्यात असते

फिरणारा मेसेज: "कोंबड्यांना लाल कीड, उवा झाल्या? भातावर मारायचं फिप्रोनिल बादलीत झाकणभर घाला आणि कोंबडी मानेपर्यंत बुडवा. एका रात्रीत सगळं साफ, अंड्यांना काही होत नाही. खुराड्यात रॉकेल मारा, डांबरगोळ्या ठेवा. नाहीतर राख टाका, पुरे."

हा मेसेज वाळपईच्या माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिने बाटली आणूनही ठेवली होती. म्हणून हे लिहितोय.

अंड्यांना काही होत नाही, हे साफ खोटं आहे. फिप्रोनिल चरबीत मुरतं आणि बलकात उतरतं. 2017 साली नेदरलँड्स-बेल्जियममध्ये याच लाल किडीसाठी पोल्ट्रीत मारलेल्या औषधात ते मिसळलेलं सापडलं आणि युरोपभर लाखो अंडी दुकानांतून काढावी लागली. खाण्याच्या जनावरांवर ते तिथे चालतच नाही. तुम्ही बुडवून मोकळे झाला असाल, तर ती अंडी पोरांना देऊ नका. किती आठवडे टाकायची ते पशुवैद्यकाला विचारा.

शिवाय लाल कीड दिवसा कोंबडीवर नसतेच. ती दांड्याच्या टोकाशी, फळ्यांच्या फटीत, अंड्यांच्या पाटीच्या विणीत लपते आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येते. मावशीची खुडूक कोंबडी अंडी सोडून उठायची, तुरा पांढरट पडला होता. रात्री बॅटरी घेऊन दांड्याखालून पांढरा कागद घासला, तर त्यावर रक्ताचे डाग उमटले.

मग उघाडीचा दिवस बघून कोंबड्या बाहेर काढल्या. पाटीतलं गवत आणि खालचा भुसा लांब नेऊन जाळला. दांडे काढून प्रत्येक सांध्यात उकळतं पाणी ओतलं, उन्हात कडक वाळवलं, फटी बुजवून चुना मारला. चुना सुकल्यावरच कोंबड्या आत घेतल्या. आठवड्याने हे सगळं परत करायचं, कारण किडीच्या उरलेल्या अंड्यांतून नवी कीड निघते. खुराडं थोडे दिवस रिकामं ठेवून भागत नाही, ही कीड उपाशी महिनोन्‌महिने तगते.

उवांचं वेगळं. त्या जन्मभर कोंबडीच्या अंगावरच राहतात. गुदद्वाराभोवतीची पिसं बाजूला करा: पिवळसर उवा पळताना दिसतील, पिसांच्या मुळाशी लिखांचे पुंजके असतील. इथे औषध कोंबडीलाच लागतं, पण पशुवैद्यकाने दिलेली कोंबड्यांसाठीचीच भुकटी पंखांखाली आणि शेपटीखाली चोळायची. लिखा तिने मरत नाहीत, म्हणून दहा दिवसांनी पुन्हा.

रॉकेलने कातडी भाजते, डांबरगोळ्यांचा वास बंद खुराड्यात विषारी होतो. दोन्ही नकोत.

राखेचं मात्र अर्धं खरं, हे मानावं लागेल. कोरड्या राखेत, मातीत लोळल्याने उवा कमी होतात. फटीतल्या लाल किडीपर्यंत ती राख पोचत नाही, आणि पावसाळ्यात भिजली की उवांनाही उपयोगाची नाही. ती पत्र्याखाली ठेवा. कागद घासून बघणं दर आठवड्याला चालू द्या. डाग दिसला की पुन्हा उकळतं पाणी.