टॅप करायचे पुतळे: 'कुठेपण चालतात' म्हणणाऱ्यांसाठी

"हे टॅपवाले पुतळे सगळे सारखेच, आत एकच चिप. कुठलापण पुतळा कुठल्यापण गेमला, कुठल्यापण कन्सोलवर चालतो. गेम पुतळ्यातच असतो, डिस्क लागत नाय. जुना सेट दिसला की उचला."

गणपतीत हा मेसेज आमच्या भावंडांच्या ग्रुपवर फिरत होता, आणि तो वाचूनच मुंबईचा चाकरमानी भाऊ स्कायलँडर्स गेमचे सहा पुतळे आणि एक सेकंडहँड पोर्टल, म्हणजे पुतळा वर ठेवला की त्याचं पात्र गेममध्ये आणणारा पॅड, पिशवीत घालून मालवणला आला, वर "स्वस्तात गावला माका" म्हणून खूश.

आधी डिस्कचं बोलू. पुतळ्याच्या बुडाशी इवलीशी चिप असते, तिच्यात मावतं काय तर हे पात्र कोण, लेव्हल किती, सोनं किती, बास. गेम डिस्कवरच असतो. भावाकडे पहिल्या स्कायलँडर्स गेमची प्लेस्टेशन ३ ची डिस्क होती म्हणून निदान सुरुवात तरी झाली.

आता कन्सोल. इथे मेसेज अर्धा खरा आहे आणि म्हणूनच माणूस फसतो, कारण स्कायलँडर्सचा पुतळा खरंच कन्सोल बघत नाय, प्लेस्टेशनवर वाढवलेली लेव्हल मित्राच्या निन्टेन्डो वीवर तशीच दिसते, पण खालचं पोर्टल बघतं! भावाने आणलेलं निघालं एक्सबॉक्स ३६० चं. ते वेगळंच असतं, प्लेस्टेशनला लावलं की "पोर्टल जोडा" एवढंच येत राहतं. २०११ च्या पहिल्या गेमचं वी आणि प्लेस्टेशन ३ चं पोर्टल एकमेकांना चालतं, पण ते वायरलेस, त्याचा यूएसबी डोंगल हरवला असेल तर पोर्टल म्हणजे नुसतं प्लास्टिकचं ताट.

त्यात सहापैकी एक पुतळा 'जायंट' होता, म्हणजे २०१२ च्या दुसऱ्या गेमचा. जुना पुतळा नव्या गेममध्ये चालतो, नवा जुन्यात नाय. त्यामुळे पोर्टल बरोबर असतं तरी तो पहिल्या गेममध्ये चाललाच नसता.

आणि "सगळे सारखेच" म्हणे! निन्टेन्डोचे अमीबो नावाचे पुतळे वी यू, स्विच, थ्रीडीएस असल्या निन्टेन्डोच्याच मशीनवर, प्लेस्टेशन-एक्सबॉक्सच्या गेमला त्यांचा उपयोग शून्य. स्कायलँडर्सच्याच २०१५ च्या सुपरचार्जर्स गेममध्ये डाँकी काँग आणि बाउझर हे दोन पुतळे स्कायलँडर्सपण होते आणि अमीबोपण, पण त्यांचीसुद्धा बैठक फिरवून ठरवावं लागायचं, आत्ता हा कोण. सगळं एकच असतं तर फिरवायचं कशाला? शिवाय अमीबोत एका वेळी एकाच गेमचा डेटा लिहिलेला राहतो, स्मॅश ब्रदर्समध्ये शिकवून तयार केलेला फायटर दुसऱ्या लिहिणाऱ्या गेमला द्यायचा तर आधीचा पुसावा लागतो. ब्रेथ ऑफ द वाइल्डसारखे गेम फक्त वाचतात, तिथे टॅप केलं तरी आतलं काही जात नाय.

भावाची पिशवी सध्या माळ्यावर आहे. पुतळे चांगले आहेत, कोणाकडे वी किंवा पीएस थ्रीचं पोर्टल डोंगलसकट असेल तर सांगा, डोंगलचा फोटो आधी पाठवा.