प्रोबेशनमध्ये होम लोन आणि जुन्या स्लिपांचा तो फॉरवर्ड

"प्रोबेशनमध्ये कुठलीच बँक लोन देत नाही. नवीन नोकरी सांगूच नका, जुन्या कंपनीच्या स्लिपवर फाइल टाका, बँकेला कळत नाही. एका बँकेने नाकारलं तर ५-६ बँकांत एकदम अर्ज करा, कुणीतरी पास करतंच. आणि बँक नाकारण्याचं कारण सांगायला बांधील नसते, त्यामुळे विचारत बसू नका."

आमच्या फॅमिली ग्रुपवर हे आलं तेव्हा मी वाचून सोडून दिलं होतं, रोज काय काय येतं. पण मग भाच्याचा फोन आला की मामा, पाथर्डी फाट्याला फ्लॅट पसंत पडलाय, जुन्या कंपनीच्या स्लिपा आहेतच माझ्याकडे, त्याच लावू ना? तेव्हा मात्र डोकं फिरलं. मी नाशकात होम लोनच्या फाइली करतो, त्याच्यावरच घर चालतं माझं, आणि माझ्याच घरातलं पोरगं हा उद्योग करायला निघालं होतं. म्हणून लिहितोय, आणि दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो कारण तोच माणसाला बुडवणारा आहे.

भाच्याचंच उदाहरण घ्या. सातपूरला एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत चार वर्षं क्वालिटीला होता, हातात ४२ हजार यायचे. आता सिन्नरला लागलाय, काम तेच, हातात ५२ हजार, प्रोबेशन सहा महिने. मधे गॅप म्हणाल तर शनिवार-रविवारचा. बाइकचा हप्ता महिना ३ हजार चालू आहे.

आता बँक काय करते, हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत सगळे हप्ते मिळून बसतात का ते बघते. बँकेगणिक आणि पगारागणिक हे कमी-जास्त होतं, पण ५० टक्के धरून चला. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर लाखाला हप्ता साधारण ८६८ रुपये पडतो. जुनी स्लिप लावली तर ४२ हजाराचे निम्मे २१, त्यातून बाइकचे ३ गेले, उरले १८ हजार, म्हणजे पावणेएकवीस लाखाच्या आसपास लोन. नवीन स्लिप लावली तर ५२ चे निम्मे २६, वजा ३, उरले २३ हजार, म्हणजे साडेसव्वीस लाख. म्हणजे नवीन नोकरी लपवून हा पठ्ठ्या स्वतःचंच पावणेसहा लाखाचं लोन कमी करून घेणार होता, वर खोटं बोलल्याचा डाग वेगळा! फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एवढा साधा हिशेबसुद्धा केलेला नाही.

आणि "बँकेला कळत नाही" हे तर धादांत खोटं आहे. बँक मागते शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट. नोकरी सोडल्यावरच्या महिन्यांची जुन्या कंपनीची स्लिप अस्तित्वातच नसते, त्यामुळे लोक काय करतात तर जुन्या स्लिपवरचा महिना बदलतात. तिथे गोष्ट माहिती लपवण्यावरून थेट बनावट कागदावर जाते. स्टेटमेंटमध्ये पगाराच्या ओळीला कंपनीचं नाव येतं, ते मेपर्यंत एक आणि जूनपासून दुसरं किंवा पगारच बंद, हे फाइल उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. आता तर बऱ्याच बँका अकाउंट अ‍ॅग्रिगेटरमधून, म्हणजे तुमची संमती घेऊन, स्टेटमेंट तुमच्या बँकेकडूनच परस्पर मागवतात, पीडीएफमध्ये हात घालायला जागाच नाही.

त्यावर पीएफ आहेच. यूएएन एकच असतो, नवीन कंपनी लागली की त्याच्याखाली नवीन मेंबर आयडी उघडतो आणि सर्व्हिस हिस्टरीत दोन्ही कंपन्या तारखेसकट दिसतात. टीडीएस कापत असतील तर फॉर्म २६एएस मध्ये कापणाऱ्याचं नाव. आणि हे सगळं हुकलं तरी व्हेरिफिकेशनवाला जुन्या कंपनीच्या एचआरला फोन किंवा मेल करतो आणि तिकडून उत्तर येतं, "ते तर सोडून गेले." मग ती फाइल नुसती रिजेक्ट होत नाही, चुकीची माहिती दिली असा शेरा पडतो, आणि बँका असे अर्ज एकमेकांशी पडताळायला हंटरसारख्या सिस्टिम वापरतात, म्हणजे पुढच्या बँकेत खरे कागद घेऊन गेलात तरी तिथला माणूस आधीच संशयाने बघणार. फॉर्मवर सही करून खोटं सांगून पैसे घेणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, आणि बनावट कागद वापरल्याची कलमं त्याच्यावर वेगळी. समजा एखाद्याचं निघूनही गेलं, पण बिल्डिंग अजून उभी राहतेय, पैसे स्लॅबप्रमाणे सुटतात, आणि तिसऱ्या स्लॅबला बँकेच्या लक्षात आलं तर पुढचे पैसे थांबतात. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालंय, स्टॅम्प ड्युटी भरलीय, बिल्डर नोटीस पाठवतोय, आणि सुटलेल्या रकमेवर व्याज चालू. त्या माणसाचं काय होत असेल याचा विचार हे मेसेज पुढे ढकलणारे करतात का?

आता पहिला मुद्दा. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. पर्सनल लोनला तारण काही नसतं, त्यामुळे बऱ्याच प्रायव्हेट बँका एकूण दोन वर्षं नोकरी आणि त्यातलं एक वर्ष सध्याच्या कंपनीत असं मागतात, तिथे प्रोबेशनवाल्याचं काम अवघडच. आणि कॉलेजातून निघून पहिलीच नोकरी, तीन महिने झालेत, तर होम लोनलाही बहुतेक ठिकाणी नकोच म्हणतील किंवा वडिलांना सोबत घ्या म्हणतील. पण "कुठलीच बँक" हे चूक. नोकरीला किती महिने झालेले पाहिजेत असा रिझर्व्ह बँकेचा कुठलाही आकडा नाही, ते प्रत्येक बँक आपल्या पॉलिसीत ठरवते. होम लोनला फ्लॅट गहाण असतो, म्हणून तिथे नजर एकूण अनुभवावर जास्त असते. मधे खंड पडलाय का, लाइन तीच आहे का, पगार वाढला की कमी झाला, कंपनी बँकेच्या लिस्टवर आहे का, हे बघतात. चार वर्षं क्वालिटी करून पुन्हा क्वालिटीतच जास्त पगारावर गेलेला माणूस आणि दर सात-आठ महिन्यांनी कंपनी बदलणारा माणूस, दोघंही प्रोबेशनवर असले तरी क्रेडिटवाल्याला ते सारखे दिसत नाहीत.

अपॉइंटमेंट लेटरमधला प्रोबेशनचा पॅराही नीट वाचतात. "सहा महिन्यांनी समाधानकारक काम असल्यास कायम" असं असेल तर ठीक, पण "व्यवस्थापन कितीही वेळा मुदत वाढवू शकते" असं असेल तर थांबा म्हणण्याची शक्यता जास्त. पॉलिसीत बसत नसेल पण बाकी फाइल चांगली असेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून डेव्हिएशन, म्हणजे नियमातून सूट, घेऊन पास करतात, किंवा पैसे सोडण्याआधी कन्फर्मेशन लेटर द्या अशी अट सँक्शन लेटरमध्ये टाकतात. जॉइनिंग बोनस मात्र पगारात धरत नाहीत, आणि व्हेरिएबल पे पूर्ण धरतील या भरवशावर राहू नका.

अंबड-सातपूरच्या पोरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. गेटवर मोठ्या कंपनीचं नाव असलं तरी स्लिपवर कॉन्ट्रॅक्टरचं नाव असेल तर बँक तुम्हाला कॉन्ट्रॅक्टरचा माणूस धरते. आणि कॉन्ट्रॅक्टरकडून कंपनीच्या रोलवर घेतलं की कागदावर ती नवीन नोकरी दिसते, जरी तुम्ही त्याच मशीनवर उभे असलात तरी. अशा वेळी एचआरकडून आधीच्या कामाच्या काळाचं पत्र घ्या, ते फाइलला लावलं की खूप फरक पडतो.

भाच्याची फाइल मी अशी लावली. जुन्या कंपनीच्या शेवटच्या तीन स्लिपा आणि रिलिव्हिंग लेटर, नवीन अपॉइंटमेंट लेटर, नवीन कंपनीच्या जेवढ्या झाल्यात तेवढ्या स्लिपा, दोन वर्षांचे फॉर्म १६, पगार येतो त्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट ज्यात दोन्ही कंपन्यांची नावं सरळ दिसतात, आणि वर एका पानाचं पत्र की नोकरी कधी बदलली, का बदलली, प्रोबेशन कधी संपतं. नवीन कंपनीचा किमान एक पगार खात्यात पडल्याशिवाय मी फाइल टाकत नाही. एक अडचण निघाली, जुन्या कंपनीने पीएफमध्ये सोडल्याची तारीखच टाकली नव्हती, त्यामुळे हा एकाच वेळी दोन कंपन्यांत आहे असं दिसत होतं. कंपनी टाकत नसेल तर मेंबर पोर्टलवर Manage मध्ये Mark Exit ला जाऊन आपणच टाकू शकतो, फक्त जुन्या कंपनीचं शेवटचं काँट्रिब्युशन जमा होऊन दोन महिने व्हावे लागतात. तोपर्यंत रिलिव्हिंग लेटरवर भागवावं लागतं. फाइल लागली, नव्या पगारावर लागली, आणि बँकेने पैसे सुटण्याआधी एचआरचा मेल मागितला, एवढंच.

पाच-सहा बँकांत एकदम अर्ज टाकायच्या सल्ल्यावर फार लिहीत नाही. प्रत्येक अर्जाची एन्क्वायरी सिबिल रिपोर्टमध्ये पडते, स्कोअर थोडा उतरतो, आणि एका आठवड्यात पाच बँकांची नावं दिसली की सहावा विचारतो, बाकीच्यांनी का नाकारलं? सिबिलचा स्कोअर नोकरी किंवा पगार बघून ठरत नाही, तो मुख्यतः परतफेडीवर ठरतो, त्यामुळे नोकरी बदलल्याने न बिघडलेली गोष्ट तुम्ही अर्ज टाकून टाकून बिघडवता. आधी तोंडी विचारा की प्रोबेशन चालतं का, एकूण अनुभव किती लागतो, आणि जिथे हो म्हणतील तिथे एकच अर्ज टाका.

राहिला कारण विचारण्याचा मुद्दा, तो तर सरळ उलटा सांगितलाय. रिझर्व्ह बँकेच्या फेअर प्रॅक्टिसेस कोडमध्ये, जो २००३ सालचा आहे, अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवायचं असं बँकांना सांगितलंय. आधी ते छोट्या कर्जांपुरतं होतं, २००७ साली रकमेची मर्यादा काढून सगळ्या कर्जांना, अगदी क्रेडिट कार्डच्या अर्जालाही लागू केलं. म्हणजे शाखेतला माणूस नुसतं "पॉलिसीत बसत नाही" म्हणून हात झटकत असेल तर लेखी मागा, मेलवर मागा. कारण "सध्याच्या नोकरीत कमी काळ" असं आलं तर कन्फर्मेशन लेटर घेऊन परत जायचं हे कळतं, आणि कारण जुन्या क्रेडिट कार्डाची थकबाकी निघाली तर सहा महिने थांबून काही उपयोग नव्हता हेही कळतं. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. याला लोन द्याच असं लोकपाल बँकेला सांगणार नाही, तो बँकेचा निर्णय असतो, पण कारण लेखी का दिलं नाही हे विचारता येतं.