बसमधला तास आणि नॉर्मल रिपोर्ट

शाळेच्या परिपाठासाठी इअरफोनच्या मोठ्या आवाजावर मी लिहिलेल्या भाषणात 'आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नका' असे एक वाक्य आणि मिक्सरच्या आवाजाचे उदाहरण होते. त्यावर एका पालकांची आलेली प्रतिक्रिया : "भाषण परिपाठात ऐकायला बरं आहे, पण 'आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नका' म्हणजे काय? प्रत्येक फोनचे साठ टक्के सारखेच असतात का? माझी मुलगी शाळेच्या बसमध्ये येता-जाता मिळून रोज तासभर गाणी ऐकते. मागच्या महिन्यात तिचे कान तपासले, रिपोर्ट नॉर्मल आला. मिक्सरचं उदाहरण देऊन मुलांना उगाच घाबरवू नका."

नमस्कार. टक्क्यांबद्दलची तुमची हरकत मला पूर्णपणे मान्य आहे आणि ते वाक्य मी भाषणातून काढत आहे. फोनवरची पट्टी डेसिबल दाखवत नाही. पट्टी त्याच जागी ठेवून नुसता इअरफोन बदलला तरी कानापर्यंत पोहोचणारा आवाज बदलतो. मिक्सरचे उदाहरणही काढतो, मात्र वेगळ्या कारणाने. मिक्सर मिनिटभरात बंद होतो, आणि कानाला होणारी इजा आवाजाची पातळी व ऐकण्याचा वेळ या दोहोंवर मिळून ठरते. त्यासाठी तुम्ही दिलेले बसचे उदाहरणच अधिक चांगले आहे.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये जाहीर केलेल्या मानकात मुलांसाठी ७५ डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी मर्यादा धरली आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्यातली ऊर्जा दुप्पट होते, म्हणून परवानगीचा वेळ निम्मा होतो : ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, ८७ ला अडीच आणि ९० ला आठवडाभर मिळून फक्त सव्वा तास.

आता एखादी मुलगी घरी, शांत खोलीत, ६९ डेसिबलवर गाणी ऐकते असे धरू. बसमध्ये इंजिनाची घरघर आणि मुलांचा गलका असतो. त्यात तेच गाणे बुडून जाते, म्हणून ती बटण दाबत राहते आणि शब्द स्पष्ट ऐकू आले की थांबते. तिला आवाज मोठा वाटतच नाही, पुरेसा वाटतो, आणि खरी गोम इथेच आहे. ती ९० वर थांबली असेल, तर पाच दिवसांचे पाच तास म्हणजे आठवड्याच्या मर्यादेच्या चौपट होतात. ९० आणि ६९ यांत २१ डेसिबलचा फरक, म्हणजे ऊर्जा सात वेळा दुप्पट होते. बसमधला एक तास घरातल्या सुमारे सव्वाशे तासांच्या बरोबरीचा ठरतो. हा हिशेब धोक्याचा अंदाज देतो. मर्यादा ओलांडली की त्याच दिवशी कान बिघडतो, असा त्याचा अर्थ नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला याचा मला आनंदच आहे, पण त्यातून काय कळते तेही पाहावे. नेहमीच्या तपासणीत शांत खोलीत, वेगवेगळ्या स्वरांचा किती हळू आवाज ऐकू येतो, एवढेच मोजतात. मोठ्या आवाजानंतर कान थोडा वेळ बधिर होतो आणि काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सावरतो. सुट्टीनंतर तपासणी झाली, तर हे बधिरपण त्यात दिसणारच नाही. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मात्र एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आवाजाने झालेली हानी तपासणीच्या आलेखात बहुधा प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या स्वरांत, खळग्यासारखी दिसते. स, श यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या स्वरांवर बरीच अवलंबून असल्यामुळे अशा मुलाला बोलणे ऐकू येते, पण गर्दीत शब्द नीट लागत नाहीत. तेव्हा तपासणीइतकेच लक्ष बसमधून उतरल्यावर द्यावे : कानात शीळ घुमते का, समोरच्याचे बोलणे कापूस घातल्यासारखे येते का, ती नेहमीपेक्षा मोठ्याने बोलते का. यांपैकी काही वारंवार होत असेल, तर रिपोर्ट दाखवून वाद संपवू नये.

मिक्सरच्या जागी भाषणात आता हा भाग येईल :

"उद्या बसमध्ये शेजारच्या मित्राशी हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोलून पाहा. त्याला ऐकू जावे म्हणून ओरडावे लागले, तर बसचाच आवाज बहुधा ८५ डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे. गाणे त्याच्याही वर चढवले, तर बसचा गोंगाट आणि गाणे, दोन्ही कानातच जाणार."

घाबरवण्यापेक्षा हे करून पाहण्यासारखे आहे, असे मला वाटते. तुमच्या मुलीसाठी एक उपाय सुचवतो. घरी, शांत खोलीत, तिला सहज ऐकू येईल तिथे आवाज लावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये तीच कमाल मर्यादा ठेवा. कानात नीट बसणाऱ्या रबरी टोप्यांचे इअरफोन बाहेरचा गोंगाट अडवतात, त्यामुळे त्याच मर्यादेत बसमध्येही बरेचसे ऐकू येईल. ९० वरून ८४ वर उतरले तरी तिचे पाच तास मर्यादेत बसतात. रस्ता ओलांडताना मात्र इअरफोन कानातून काढलेलेच हवेत. आणि एवढे करूनही गाणे ऐकू येत नसेल, तर त्या बसमध्ये गाणी नकोत. ती घरी ऐकावीत.