'सर्व कार्यक्रम रद्द' म्हणजे नक्की कोणते?

पुण्यात संस्थांना तोटा नाही आणि त्यांच्या अध्यक्षपदी किंवा गुरुस्थानी असलेली माणसं बहुधा ऐंशीच्या पुढची. त्यामुळे हा मजकूर सगळ्यांच्या ओळखीचा आहे: 'आमच्या संस्थेचे आधारवड, परमपूज्य अमुक यांचे आज पहाटे दुःखद निधन झाले. अंत्ययात्रा दुपारी निघेल. संस्थेचे सर्व कार्यक्रम रद्द करण्यात आले आहेत.' खाली संस्थेचं नाव, शिक्का आणि हात जोडलेली खूण.

यातली 'आज', 'दुपारी' आणि 'सर्व' ही तीन पदं घोळ घालतात.

हा मजकूर वाचणारा तो त्याच दिवशी वाचेल याची खात्री नसते. फॉरवर्ड होत होत तो नाशिकच्या, डोंबिवलीच्या शिष्यांकडे दुसऱ्या दिवशी पोचतो आणि तिथलं 'आज' वेगळं असतं. फुलं घेऊन वैकुंठ स्मशानभूमीत पोचलेली माणसं 'अंत्यसंस्कार कालच झाले' हे ऐकून परत जातात, ती याच शब्दामुळे. म्हणून वार, तारीख आणि वेळ पूर्ण लिहावी, आणि सगळ्यात वर संदेश किती वाजता काढला ते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला संदेश 15 मिनिटांत दुरुस्त करता येतो खरा, पण तोवर पुढे गेलेल्या प्रती दुरुस्त होत नाहीत. वेळ बदलली तर नव्या संदेशाची पहिलीच ओळ 'सुधारित वेळ' अशी हवी, नाहीतर दोन्ही संदेश शेजारी शेजारी फिरत राहतात.

मजकूर चित्रात घालू नये. झेंडूच्या चौकटीतला फोटो छान दिसतो, पण त्यातला फोन नंबर दाबून लावता येत नाही, पत्ता नकाशात टाकता येत नाही, आणि सत्तरीतल्या शिष्यांना ती अक्षरं वाचता येत नाहीत. फोटो वेगळा पाठवा, मजकूर साधा.

आता 'सर्व'. समजा, सदाशिव पेठेतली एक संगीत संस्था आहे आणि गुरुजी बुधवार, 12 नोव्हेंबर 2025 रोजी पहाटे 4 वाजता गेले. शनिवार-रविवारी वार्षिक संगीत सभा आहे. सभागृह भाड्याने घेतलंय, तिकिटं विकलीत, तबलजी कोल्हापूरहून निघणार आहेत. रोज संध्याकाळी वर्ग असतात. वरच्या मजल्यावरचा हॉल रविवारी एका कुटुंबाला साखरपुड्यासाठी दिलाय. मागच्या बाजूला बाहेरगावच्या मुलांचं वसतिगृह आहे, त्यांची खानावळ आहे. 'सर्व कार्यक्रम रद्द' एवढंच लिहिलं की मुलीकडची मंडळी घाबरून फोन करतात, आचारी आज स्वयंपाक करायचा का म्हणून विचारतो, आणि तबलजींना कुणीच कळवत नाही, कारण सगळ्यांना वाटतं संदेश गेलाय म्हणजे त्यांनाही गेला असेल.

बाहेर संदेश टाकण्याआधी कार्यवाहांनी एका कागदावर पुढचे पंधरा दिवस मांडावेत आणि प्रत्येक गोष्टीपुढे बंद, पुढे ढकललं किंवा चालू यांपैकी एकच लिहावं. 'रद्द' आणि 'स्थगित' यांत पैशाचा फरक आहे. रद्द म्हटलं की तिकिटाचे पैसे परत करावे लागणार. स्थगित म्हटलं की लोक तेच तिकीट जपून ठेवणार आणि नवी तारीख विचारत राहणार. भाड्याने दिलेला हॉल हा संस्थेचा कार्यक्रम नव्हेच. तो द्यायचा की नाही हे त्या कुटुंबाशी फोनवर बोलून त्याच सकाळी ठरवावं. माझं मत, द्यावा, फक्त सनई-चौघड्याचा आवाज खाली येणार नाही एवढं त्यांना सांगावं. खानावळ, दवाखाना, मठातली नित्यपूजा या गोष्टी बंद होत नसतात, पण तसं लिहिल्याशिवाय लोकांना कळत नाही.

मग संदेश असा होतो:

'बुधवार, 12 नोव्हेंबर 2025, सकाळी 8. आमचे अध्यक्ष आणि गुरुजी (पूर्ण नाव) यांचे आज पहाटे 4 वाजता पुण्यात राहत्या घरी निधन झाले. अंत्यदर्शन: आजच सकाळी 10 ते दुपारी 1, संस्थेची वास्तू. अंत्यसंस्कार: आज दुपारी 2, वैकुंठ स्मशानभूमी, नवी पेठ. कृपया हार आणू नयेत. 15 आणि 16 नोव्हेंबरची वार्षिक संगीत सभा रद्द केली आहे, तिकिटाचे पैसे परत मिळतील. सर्व वर्ग सोमवार, 24 नोव्हेंबरपर्यंत बंद राहतील आणि मंगळवार, 25 नोव्हेंबरपासून नेहमीच्या वेळी भरतील. वसतिगृह व खानावळ चालू आहे. चौकशीसाठी कार्यवाह: (नंबर).'

यात 'आज' आलंय, पण वर तारीख आहे म्हणून चालतं. 24 तारीख हा तेरावा दिवस. 'पुढील सूचना मिळेपर्यंत बंद' ही ओळ मात्र टाळाच. ती लिहिणारा पुढची सूचना द्यायला हमखास विसरतो आणि महिनाभर पालक 'वर्ग आहे का हो?' विचारत राहतात.

दिवस ठरवताना परंपरा पाहावी. गुरू संन्यासी असतील तर दहावा-तेरावा नसतो, सोळाव्या दिवशी षोडशी असते आणि दहनाऐवजी बहुधा समाधी दिली जाते. अशा ठिकाणी 'अंत्यसंस्कार वैकुंठात' असा तयार नमुना चिकटवला तर शिष्य दुखावतात. नेत्रदान किंवा देहदान असेल तर वेळ घट्ट असते, डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. तिथे अंत्यदर्शनाची वेळ डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाहीर करू नये.

घाईबद्दल. 2022 च्या नोव्हेंबरात विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात असताना 23 तारखेच्या रात्रीच त्यांच्या निधनाची बातमी पसरली, श्रद्धांजल्या सुरू झाल्या, घरच्यांना खुलासा करावा लागला. ते गेले 26 तारखेला. नामवंतांच्या बाबतीत हे होतं, तर एखाद्या संस्थेच्या उतावळ्या विश्वस्ताकडून का होणार नाही? क्रम सरळ आहे. डॉक्टरांनी मृत्यू घोषित केला, घरच्यांनी परवानगी दिली, परगावच्या मुलाबाळांना फोन झाले, मग विश्वस्त आणि कर्मचारी, मग बाकी सगळे. मुलाला वडील गेल्याचं शिष्यांच्या ग्रुपवरून कळणं यासारखं वाईट काही नाही. संदेश एकाच नंबरवरून जावा आणि कोणत्या नंबरवरून, हे सगळ्या विश्वस्तांना आधीच माहीत असावं, नाहीतर तिघेजण तीन वेळा लिहितात.

थोरवी गाणारे परिच्छेद या संदेशात नकोत. जन्म, कार्य, पुरस्कार यांच्यासाठी श्रद्धांजली सभेचं निमंत्रण आहे, तेव्हा वेळही असते आणि चुका तपासताही येतात. नवे अध्यक्ष कोण हेही इथे लिहू नये. नोंदणीकृत न्यास असेल तर विश्वस्त बदलाचा अहवाल 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो, आधी रीतसर ठराव होऊ द्यावा. देणगीचं क्यूआर चित्र तर मुळीच जोडू नका. फोनवर फिरणाऱ्या चित्रात दुसऱ्या कुणाचं क्यूआर बसवायला दोन मिनिटं लागतात.

चौकशीसाठी दिलेला नंबर गुरुजींच्या मुलाचा किंवा सुनेचा नसावा. त्या दिवशी शंभर माणसं 'कसं झालं हो?' विचारणार असतात. कार्यालयातल्या एखाद्या शांत माणसाचा नंबर द्या आणि त्याच्यापुढे तोच पंधरा दिवसांचा कागद ठेवा.