एकेरीत बोलणारा फोन

काल सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी माझ्या फोनवर नोटिफिकेशन आलं: "आपण मला रोज एकेरीत का बोलता?"

फोनने मला सकाळी सात वाजता "झाडांना पाणी घाल" एवढंच सांगावं, असा आमचा करार होता. त्यासाठी सतत चालू असलेल्या जुन्या लॅपटॉपवर क्रॉनमध्ये एक ओळ टाकली होती:

```
0 7 * * * curl -d "झाडांना पाणी घाल" https://sewa.example/zadana-pani
```

`sewa.example` हे खरं नाव नव्हे. नाव घेऊन भांडण वाढवायची इच्छा नाही. सेवा फुकट आहे. खातं नको, पासवर्ड नको. पत्त्याच्या शेवटी मनाला येईल ते नाव लिहायचं, की त्या नावाचा टॉपिक तयार. फोनमधल्या ॲपमध्येही तेच नाव टाकायचं. मग त्या पत्त्यावर कुणीही काहीही पाठवलं की फोन वाजतो. थोडक्यात, हा कोपऱ्यावरचा फळा आहे: ज्याला जागा ठाऊक, तो वाचणार आणि तोच लिहिणारही.

गेले काही दिवस संध्याकाळी मला "झाडांना पाणी घाला" असंही यायला लागलं होतं. फोनला थोडी रीतभात आली असावी, असं समजून मी खूश होतो. प्रत्यक्षात कुठेतरी एक गृहस्थ होते, त्यांनाही झाडं होती, आणि त्यांनाही `zadana-pani` हेच नाव सुचलं होतं. हा माणूस स्वतःच्या स्क्रिप्टकडूनही स्वतःला अहो-जाहो करून घेत होता. आणि मी रोज पहाटे त्याला "घाल" म्हणत होतो.

मी टर्मिनल उघडून उत्तर पाठवलं: "ते मी मला म्हणतो."

"मग ते मला का ऐकू येतं?"

"कारण तुम्ही माझा टॉपिक वापरताय."

"आपला? कागद आहे का?"

कागद नव्हता. या फुकट टॉपिकची मालकी कुणाचीच नसते. आधी कोण आलं याची नोंदही दाखवता येत नाही. ते ॲपमधून आरामात टाइप करत होते, आणि मी प्रत्येक वाक्यासाठी `curl` लिहित होतो. भांडणासाठी इतकं वाईट साधन दुसरं नसेल. मध्येच मी `crontab -e` उघडून ओळ तपासली आणि तावातावाने पाठवलं: `"हा टॉपिक माझा आहे!! समजलं?"` बॅशमध्ये दुहेरी अवतरणातल्या `!!` च्या जागी आधीची कमांड येऊन बसते. त्यामुळे त्यांना मिळालं: "हा टॉपिक माझा आहेcrontab -e समजलं?"

"नाही समजलं," ते म्हणाले. या एका बाबतीत त्यांचं बरोबर होतं. संताप व्यक्त करायचा तर एकेरी अवतरणात करावा, तिथे बॅश ढवळाढवळ करत नाही.

त्यानंतरचं माझं वाक्य खरंच चांगलं होतं. तेच पोचलं नाही. थोड्या वेळात फार मजकूर पाठवले म्हणून सेवेने 429 हा कोड दिला. आणि `echo $?` केलं तर उत्तर शून्य, म्हणजे सगळं ठीक! `curl` च्या लेखी सर्व्हरने नकार दिला तरी उत्तर मिळालं, म्हणजे काम झालं. टर्मिनलवर निदान नकाराचा मजकूर दिसतो. क्रॉनमध्ये तो बघायला कोण जातंय? तिथे पुढे `&& echo पाठवलं >> log` जोडलं असतं तर लॉगमध्ये "पाठवलं" आणि फोनवर शांतता. `-f` दिलं की असा नकार आल्यावर `curl` 22 परत करतं आणि लॉग खोटं बोलत नाही. हे मुळातच तसं का नाही, हे मला कुणी सांगेल तर ऐकायचंय.

शेवटी माघार मी घेतली. ज्या फळ्याला कुलूप नाही, त्याची जागाच गुप्त ठेवायची:

```
openssl rand -hex 8
```

यातून सोळा अक्षरांचं, कुणालाही आपणहून सुचणार नाही असं नाव मिळतं. तेच आता पासवर्ड. स्क्रिप्ट कुणाला दाखवायची असेल तर ते वेगळ्या फाइलीत ठेवावं लागतं, स्क्रीनशॉटमधून खोडावं लागतं. फुकट सेवेची ही किंमत आहे, आणि ती मला सुरुवातीला ठळक अक्षरात कुणी सांगितली नव्हती.

बायकोलाही हे नोटिफिकेशन हवं होतं, म्हणून मी नाव वाचून दाखवायला लागलो.

"बी की डी?"

"डी."

"मग आधीचं?"

"तेही डी."

पाचव्या अक्षरावर ती म्हणाली, "सातला उठल्यावर मला हाक मारून सांगत जा ना."

मी सातला उठत नाही, म्हणून तर स्क्रिप्ट लिहिली.