कोटाचा खिसा कुठल्या बाजूला?

व्हिडिओ मुलाखतीचा मेल आला की लगेच विषयाची उजळणी करायला बसू नका. ती काय, कुणीही करतं. तुम्ही आधी फोटो उघडा. कॉलमध्ये शिरल्यापासून कॅमेरा चालू होईपर्यंत समोरच्यांना त्या चौकोनात तुमचा प्रोफाइल फोटो दिसतो. किती वेळ? असेल आठ-दहा सेकंद. अकराव्या सेकंदाला त्याच चौकोनात तुम्ही स्वतः उगवणार असता, पण आत्तापासून तसले विचार करून मन खट्टू करून घेऊ नये.

आमच्या एका स्नेह्यांनी या आठ-दहा सेकंदांसाठी तीन रात्री जागवल्या. त्यांचा कित्ता तुमच्यापुढे ठेवतो. बिनधास्त गिरवा.

पहिली रात्र केसांची. स्नेह्यांचे केस कानशिलांवर बऱ्यापैकी आहेत, माथ्यावर मात्र विरळ झालेत. फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये क्लोन स्टँप नावाचं एक हत्यार असतं. चित्रातला एक तुकडा नमुना म्हणून धरायचा आणि दुसरीकडे ब्रश फिरवायचा, की तिथे तोच तुकडा उमटतो. स्नेह्यांनी कानशिलावरचे केस उचलले आणि माथ्यावर पेरले. पीक जोमदार आलं. आता कानशिलावरचे केस खाली उतरतात आणि माथ्यावरचे मागे जातात, हा निसर्गाचा भेदभाव आहे, त्याकडे लक्ष देऊ नका. माथ्यावरचे केस कानाच्या दिशेने निघाले तर निघू द्या. त्यांना मूळ गावाची ओढ असणारच.

नमुनाही पुन्हा पुन्हा बदलू नका, वेळ जातो. स्नेह्यांनी एकच तुकडा धरला होता. त्यात एक पांढरा केस होता, आकड्यासारखा वाकलेला. सकाळी पाहतात तो माथ्यावर तसेच चार आकडे, सारख्याच वळणाचे, सारख्याच अंतरावर. दुसऱ्याचा फोटो असता तर त्यांनी तो चटकन पकडला असता. स्वतःच्या फोटोत माणूस फक्त दाटपणा बघतो.

मग केसांची कड. खऱ्या फोटोत कडेला एकेक केस सुटा असतो आणि त्यांच्या फटींतून मागची भिंत दिसते. ही कड फार धारदार ठेवली तर केस कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसतात. म्हणून ती जराशी विरघळवायची असते, दोन-तीन पिक्सेल पुरतात. स्नेह्यांनी पंचवीस घेतले. दोन-तीनाने बरं दिसतं, तर पंचवीसने किती छान दिसेल! डोक्याभोवती धुक्याचं वलय आलं. देवादिकांच्या तसबिरीत असतं तसं, फक्त काळं.

दुसरी रात्र कोटाची. कोट घरात नसला तरी अडत नाही. स्नेह्यांनी एका भलत्याच गृहस्थांच्या फोटोतून मानेखालचा सगळा ऐवज उचलला आणि आपल्या हनुवटीखाली आणून ठेवला. जरा मागे सरकून पाहिलं, तर मुंडकं फळीवर ठेवल्यासारखं वाटत होतं. कारण साधं होतं. हनुवटीची सावली मानेवर आणि कॉलरवर पडते, आणि उसन्या कॉलरला यांच्या हनुवटीची ओळखच नव्हती. तेव्हा सावली हाताने काढली, राखाडी ब्रशने. लांबून सावली वाटते. जवळून पाहिलं तर आठवडाभर न धुतलेली कॉलर.

पण खरी अडचण उजेडाची होती. यांच्या चेहऱ्यावर खिडकीचा उजेड डावीकडून येत होता आणि कोटावर उजवीकडून. अशा वेळी सामान्य माणूस दुसरा कोट शोधतो. स्नेह्यांनी कोट आडवा उलटवला, एका क्लिकमध्ये. उजेड जुळला! त्या आनंदात त्यांना झोप लागली, आणि हाच या लेखातला सगळ्यात उपयोगाचा भाग आहे. पुरुषाच्या कोटाचा वरचा खिसा घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो आणि डावा पल्ला उजव्यावर येतो. कोट उलटवला की खिसा उजवीकडे जातो आणि पल्लेही जागा बदलतात. बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, पण काय ते चटकन सांगता येत नाही. ही अवस्था मुलाखत घेणाऱ्यांसाठी उत्तम. त्यांचं लक्ष तुमच्या उत्तरांकडे जात नाही.

तिसऱ्या रात्री भांग. तो जसा आरशात दिसतो तसाच पाडा, दुसरा पुरावा कशाला? स्नेहींनी आरशात पाहिलं, भांग डाव्या हाताला दिसला, फोटोतही चित्राच्या डाव्या बाजूला पाडला. वास्तविक समोरच्या माणसाला तो उजव्या हाताला दिसतो. खात्री करायला त्यांनी व्हिडिओ कॉल उघडून स्वतःला फोटोशेजारी ताडून पाहिलं. तंतोतंत जुळलं. जुळणारच, कारण बहुतेक प्रोग्रॅम आपल्याला आपलीच छबी आरशासारखी उलटी दाखवतात आणि बाकीच्यांना सरळ. म्हणजे भांग जगात एकाच माणसाला जुळलेला दिसत होता, आणि त्याला नोकरी द्यायचा अधिकार नव्हता.

मुलाखतीच्या दिवशी त्यांनी आणखी एक शहाणपणा केला. मागचा पसारा झाकायला पार्श्वभूमी धूसर करून ठेवली. यात माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते हे प्रोग्रॅमच ठरवतो, आणि विरळ केसांच्या बाबतीत त्याचं मत बरंच कठोर असतं. माथ्यावरच्या उरल्यासुरल्या बटा त्याने भिंतीत जमा केल्या. मान हलली की त्या क्षणभर परत यायच्या आणि पुन्हा जायच्या.

वेळेवर स्नेही कॉलमध्ये शिरले. आठ-दहा सेकंद फोटो झळकला. मग कॅमेरा चालू झाला.

समोर दोघे होते, एक बाई आणि एक वयस्क गृहस्थ. गृहस्थ म्हणाले, "आपण चुकून दुसऱ्या कुणाच्या लिंकवरून तर नाही ना आलात?"

"नाही सर, मीच तो."

"मग ओळखपत्र जरा कॅमेऱ्यासमोर धरता का?"

स्नेह्यांनी धरलं. त्यावरच्या फोटोला त्यांनी कधी हात लावला नव्हता. माथा विरळ, भांग योग्य बाजूला, शर्ट साधा. दोघांचाही जीव भांड्यात पडला आणि मुलाखत सुरू झाली.

जागा मालाची तपासणी करणाऱ्याची होती, हे सांगायचं राहिलंच. तयार माल बाहेर जाण्याआधी त्यातला बारीकसारीक दोष हेरायचा, हे काम. बाईंनी विचारलं, "बारकाईने पाहायची सवय आहे का?"

"मॅडम, माझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही."

"अस्सं. मग तुमच्या प्रोफाइलवरच्या कोटाचा खिसा कुठल्या बाजूला आहे?"

स्नेह्यांचा हात आपसूक छातीकडे गेला. अंगात शर्ट होता. खिसा डावीकडे. त्यांनी पडद्यावर स्वतःकडे पाहिलं, तिथेही हात डावीकडेच दिसला. मग त्यांना फोटो आठवला. त्यातला खिसाही डावीकडेच होता, म्हणजे चित्राच्या डावीकडे, म्हणजे त्यांच्या... इथे त्यांचा हिशेब चुकला. ते एकदा उजव्या खांद्याकडे पाहत, एकदा डाव्या. आणि प्रत्येक हालचालीबरोबर त्या बटा येत-जात होत्या.

"सावकाश सांगा," गृहस्थ म्हणाले. "घाई नाही."

अशा प्रसंगी काय करावं, हेही स्नेह्यांकडूनच शिका. त्यांनी कॅमेरा बंद केला. त्याच क्षणी चौकोनात फोटो परत आला. दाट केस, चार पांढरे आकडे, उजव्या छातीवर खिसा, चेहऱ्यावर प्रसन्न हसू. आणि ओठ न हलवता तो फोटो म्हणाला, "सर, नेटवर्कचा जरा प्रॉब्लेम दिसतोय."