झोप आली म्हणजे गोळी लागू पडली?

«ॲलर्जीची गोळी घेतल्यावर झोप आली की समजायचं, गोळी लागू पडली. शरीर शांत झालं की शिंका आपोआप बसतात. हल्लीच्या झोप न आणणाऱ्या गोळ्या नुसत्या महाग, त्यांत दम नाही. जुनी गोळी रात्री घ्या, सकाळपर्यंत अंमल उतरतो, खुशाल गाडी चालवा. लहान मुलांनाही चमचाभर सिरप द्या, निवांत झोपतील.»

हा मेसेज मला या महिन्यात चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. मी फार्मासिस्ट आहे, दुकानात काउंटरवर उभी असते, आणि यातली वाक्यं गिऱ्हाइकांच्या तोंडून रोज ऐकते. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देते. पहिल्या वाक्याला जास्त जागा देते, कारण बाकीची सगळी त्याच्यावरच उभी आहेत.

हिस्टामिन हे रसायन आपल्या शरीरात एकाहून अधिक ठिकाणी काम करतं. नाकाच्या आतल्या अस्तरात मास्ट नावाच्या पेशी असतात आणि त्यांच्यात हिस्टामिन साठवलेलं असतं. धुळीची ॲलर्जी असलेल्या माणसाने जुनी गादी झटकली की या पेशी ते बाहेर सोडतात. मग ते शेजारच्या रक्तवाहिन्यांवरच्या आणि मज्जातंतूंच्या टोकांवरच्या एच-वन नावाच्या ग्राहींवर जाऊन बसतं. ग्राही म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचा निरोप घेणारा रेणू. निरोप पोचला की वाहिन्या फुगतात, पाझरतात, नाक गळतं, खाज सुटते, शिंका येतात. गोळी हिस्टामिनचा नाश करत नाही. ती त्या ग्राहीवर जागा धरते आणि त्याला «बंद» अवस्थेत रोखून ठेवते, म्हणून निरोप आत जात नाही. आधीच आलेली सूज यामुळे लगेच ओसरत नाही. गादी झटकायच्या आधी तासभर घेतलेली गोळी नंतर घेतलेल्या गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडते, ती याच कारणाने.

हिस्टामिनचा दुसरा मुक्काम मेंदूत आहे. हायपोथॅलॅमस या भागाच्या मागच्या बाजूला चेतापेशींचा एक छोटा पुंजका आहे. माणसात त्या साधारण 64 हजार, म्हणजे मेंदूच्या मानाने मूठभरच. पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले असतात. आपण जागे असतो तेव्हा त्या सतत हिस्टामिन सोडत राहतात, आणि झोप लागली की जवळपास गप्प होतात. मेंदूला जागं आणि सावध ठेवणारा हा निरोपही एच-वन ग्राहीच घेतो. नाकातला आणि मेंदूतला ग्राही एकच. गोळी मेंदूत पोचली तर ती तिथलाही निरोप अडवते, आणि आपल्याला पेंग येते.

म्हणजे शिंका थांबणं आणि झोप येणं या दोन वेगळ्या जागी घडणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीमुळे दुसरी होत नाही. हे तपासूनही पाहिलं गेलं आहे. निरोगी माणसांना डायफेनहायड्रामिन हे जुनं औषध 50 मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा, सलग दिलं. पहिल्या दिवशी चांगलीच झोप आली. चौथ्या दिवशी मात्र त्यांच्यात आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत झोपेच्या बाबतीत फरक उरला नाही. मेंदू सरावला होता. झोप हीच औषध लागू पडल्याची खूण मानली, तर चौथ्या दिवशी तीच गोळी निकामी झाली असं म्हणावं लागेल. दुकानात येणारे लोक उलटंच सांगतात: दोन दिवस गुंगी होती, मग गेली, शिंका मात्र पहिल्या दिवसापासून कमी आहेत.

आता गोळी मेंदूत शिरते कशी, ते पाहू. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंती इतर अवयवांसारख्या नसतात. तिथल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधून काही झिरपत नाही. आत जायचं तर पेशीच्या पडद्यातूनच जावं लागतं. तो पडदा स्निग्ध असतो, म्हणून लहान आणि स्निग्ध पदार्थांत सहज विरघळणारा रेणू पार होतो. त्यावर आणखी एक पहारा आहे. पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन पंपासारखं काम करतं आणि आत आलेले कित्येक रेणू उचलून परत रक्तात टाकतं. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, प्रोमेथाझिन, डायफेनहायड्रामिन, हायड्रॉक्सिझिन ही जुनी मंडळी लहान आणि स्निग्ध, आणि हा पंप त्यांना फारसा अडवत नाही. म्हणून ती आत जातात.

यातली मला सगळ्यात आवडणारी जोडी हायड्रॉक्सिझिन आणि सेटिरिझिनची आहे. हायड्रॉक्सिझिन खाजेसाठी देतात आणि त्याने गाढ झोप येते. पोटात गेल्यावर यकृत त्याच्या शेपटाकडचा एक गट बदलून तिथे आम्लाचा गट बसवतं. तयार होतं सेटिरिझिन! आपण वेगळी गोळी म्हणून घेतो तेच. सांगाडा तोच राहतो आणि एच-वन ग्राही अडवण्याची ताकदही टिकते. पण त्या एका आम्लगटामुळे रेणूवर विद्युतभार येतो, स्निग्ध पडद्यातून जाणं अवघड होतं, आणि जे थोडं शिरतं त्यातलं बरंचसं पंप बाहेर काढतो. एवढ्याशा बदलाने झोप बरीच कमी झाली, आणि ॲलर्जीवरचं काम चालू राहिलं.

जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या संशोधकांनी हे थेट मोजलं. एच-वन ग्राहीवर बसणारं किरणोत्सारी द्रव्य टोचायचं, मग पेट स्कॅनने पाहायचं की गोळीने मेंदूतले किती ग्राही आधीच अडवले आहेत. जुन्या औषधांच्या नेहमीच्या मात्रेने मेंदूतले निम्मे किंवा त्याहून जास्त ग्राही अडलेले दिसले. सेटिरिझिन 10 मिलीग्रॅमने सुमारे 13 टक्के, आणि 20 मिलीग्रॅमने त्याच्या दुप्पट. फेक्सोफेनाडिन या दुसऱ्या नव्या औषधाचा आकडा जवळपास शून्य. इथे मेसेज फिरवणाऱ्यांच्या बाजूचंही एक सांगते. नव्या गोळ्यांनी झोप येतच नाही असं नाही. सेटिरिझिनने काही जणांना चांगलीच सुस्ती येते, आणि एकाऐवजी दोन घेतल्या तर ती वाढते. वरचे आकडे त्याचं कारण सांगतात.

मेसेजमधल्या तिसऱ्या वाक्यामागे लोकांचा एक खरा अनुभव आहे, तो मी नाकारणार नाही. साध्या सर्दीत जुनी गोळी घेतली की नाक कोरडं पडतं, नवीने तसं होत नाही. पण साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि त्यात हिस्टामिनचा वाटा फार नसतो, म्हणून फक्त एच-वन अडवणारी गोळी तिथे विशेष काही करत नाही. जुन्या गोळ्या मात्र एच-वनवर थांबत नाहीत. त्या ॲसिटिलकोलीन या दुसऱ्या रसायनाचे ग्राहीही अडवतात. त्याने नाकातला स्राव आटतो, आणि त्यासोबत तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, डोळ्यांना जवळचं अंधुक दिसतं. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी तुंबू शकते. सत्तरीच्या पुढच्या माणसाला रात्री भ्रम होऊन तो असंबद्ध बोलू लागू शकतो. घरात हे अचानक दिसलं तर आधी विचारा, दोन दिवसांत सर्दीची कुठली गोळी दिली होती. ॲलर्जीच्या शिंका, गांध्या, डोळ्यांची खाज यांवर नव्या गोळ्या जुन्यांइतक्याच लागू पडतात.

सकाळच्या गाडीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. हिशेब करून पाहू. क्लोरफेनिरामिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला मोठ्या माणसात साधारण 20 तास लागतात. माणसागणिक हे कमीजास्त होतं, पण 20 धरू. रात्री दहाला 4 मिलीग्रॅमची गोळी घेतली. सकाळी आठला स्कूटर काढताना दहा तास झालेले असतात, आणि अजून सुमारे 70 टक्के औषध शिल्लक असतं. दुसऱ्या रात्री दहाला आधीचं 1.7 मिलीग्रॅम उरलेलं असतं, त्यावर नवी गोळी पडते. तिसऱ्या-चौथ्या रात्री गोळीनंतरची बेरीज पावणेसातच्या आसपास जाते. सरावाने गुंगी थोडी कमी होते हे खरं, पण पहिल्या एकदोन सकाळी तो सराव झालेला नसतो. तोहोकूच्याच पाहणीत रात्री 50 मिलीग्रॅम डायफेनहायड्रामिन घेतलेल्यांच्या मेंदूतले सुमारे 45 टक्के ग्राही बारा तासांनंतरही अडलेले होते. आणि त्या औषधाचं प्रमाण क्लोरफेनिरामिनपेक्षा लवकर निम्मं होतं.

«पण मला झोप आल्यासारखं वाटत नाही,» असं त्यावर बरेच जण म्हणतात. अमेरिकेत आयोवा इथे 40 जणांना कृत्रिम गाडीत बसवून एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले. त्या लोकांना वेगवेगळ्या दिवशी डायफेनहायड्रामिन, फेक्सोफेनाडिन, दारू आणि औषध नसलेली गोळी दिली. दारू इतकी की रक्तातलं प्रमाण 0.1 टक्क्याच्या आसपास जावं. आपल्याकडची कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. पुढच्या गाडीशी वेग जुळवण्यात सगळ्यात वाईट कामगिरी डायफेनहायड्रामिनच्या दिवशी झाली, दारूच्या दिवसापेक्षाही वाईट. फेक्सोफेनाडिनच्या दिवशी मात्र गाडी औषध नसलेल्या दिवसासारखीच चालली. आणि किती झोप येते आहे हे त्यांनी जे सांगितलं, त्यावरून कोण किती वाईट चालवेल याचा अंदाज बांधता आला नाही. जाणवणं आणि प्रतिसाद मंदावणं एकाच मापाने चालत नाहीत. डोळे उघडे असतात, ब्रेक मात्र उशिरा लागतो.

सकाळी गाडी चालवायची असेल तर पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत क्लोरफेनिरामिन मॅलिएट 2 मिलीग्रॅम असतं, आणि खोकल्याच्या कित्येक सिरपमध्येही तेच असतं. गोळी आणि सिरप दोन्ही घेणाऱ्याला आपण एकच औषध दोनदा घेतोय हे कळतही नाही.

घाटात गाडी लागते म्हणून प्रवासाआधी प्रोमेथाझिन घेणाऱ्याला यातलं काही लागू नाही. तिथे औषध मेंदूत शिरायलाच हवं, उलटी तिथूनच थांबते. फक्त त्याने स्टिअरिंगवर बसू नये.

शेवटचं वाक्य मुलांचं. लहान मुलांत ही औषधं कधीकधी उलटीच वागतात: मूल झोपण्याऐवजी चिडतं, थयथयाट करतं, रात्रभर जागतं. ते झोपलं तरी धोका टळत नाही. प्रोमेथाझिनमुळे लहान मुलांचा श्वास मंदावून मृत्यू झाल्याची नोंद आहे, आणि दोन वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये अशी ठळक चेतावणी अमेरिकेच्या औषध नियामकाने 2004 साली छापायला लावली. आपल्याकडे 2023 च्या डिसेंबरात केंद्रीय औषध नियामकाने क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं बजावलं आणि तशी सूचना लेबलवर घालायला सांगितलं. घरात मोठ्या मुलाची उरलेली बाटली असेल तर धाकट्याला चमचा भरण्याआधी ती ओळ शोधा. बाटली जुनी असेल तर ती ओळ नसेलही. तेव्हा त्यातली औषधांची नावं वाचा, आणि क्लोरफेनिरामिन किंवा प्रोमेथाझिन दिसलं तर बाळाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.